अरबी हरकतींची कुळकथा

अरबी लिपीत अठ्ठावीस अक्षरे आहेत आणि ती सर्व मुळात व्यंजने आहेत. त्यांपैकी अलिफ, वाव आणि या ही तीन अक्षरे आ, ऊ आणि ई या दीर्घ स्वरांचेही काम करतात, पण अ, इ आणि उ या ऱ्हस्व स्वरांना स्वतंत्र अक्षर नाही. त्यामुळे काफ, ता आणि बा ही तीन अक्षरे ओळीने लिहिली, तर तो शब्द ‘कतब’ म्हणजे ‘त्याने लिहिले’ असू शकतो, ‘कुतिब’ म्हणजे ‘लिहिले गेले’ असू शकतो किंवा ‘कुतुब’ म्हणजे ‘पुस्तके’ही असू शकतो. प्रौढ वाचक संदर्भावरून आणि व्याकरणाच्या ज्ञानावरून योग्य रूप ओळखतो, म्हणून वृत्तपत्रे आणि कादंबऱ्या स्वरचिन्हांवाचून छापल्या जातात. मुलाजवळ ते ज्ञान अजून नसते, म्हणून मुलांच्या चित्रपुस्तकात प्रत्येक शब्दावर ही चिन्हे पूर्णपणे द्यावी लागतात. या चिन्हांना अरबीत ‘हरकत’ म्हणतात आणि ती मजकुरावर चढवण्याच्या कामाला ‘तश्कील’ म्हणतात.

हरकतींचा उगम परंपरेने बसरा येथील अबुल अस्वद अद्-दुअली या व्याकरणकाराकडे नेला आहे. त्याचा मृत्यू इ. स. 688 च्या सुमारास झाला. त्याच्याविषयी सांगितली जाणारी एक कथा मुलांच्या पुस्तकांच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. रात्रीचे आकाश पाहून त्याच्या मुलीला ‘आकाश किती सुंदर आहे!’ असे म्हणायचे होते, परंतु तिने दोन शब्दांच्या शेवटी ‘अ’ऐवजी अनुक्रमे ‘उ’ आणि ‘इ’ उच्चारल्यामुळे वाक्याचा अर्थ ‘आकाशात सर्वांत सुंदर काय?’ असा झाला आणि वडिलांनी ‘त्यातील तारे’ असे उत्तर दिले. कथेची ऐतिहासिकता सिद्ध करता येत नाही, तरी तिने दुखण्याचे नेमके स्थान दाखवले आहे: अरबीत कर्ता, कर्म आणि संबंध ही नाती शब्दाच्या अंत्य ऱ्हस्व स्वराने दाखवली जातात, आणि लिपीत नेमका तोच स्वर लिहिलेला नसतो. इस्लामच्या प्रसारानंतर अरबी ही मातृभाषा नसलेले लोक कुराण वाचू लागले, तेव्हा या अंत्य स्वरांच्या चुका वाढल्या.

अबुल अस्वदने, परंपरेनुसार, एक लेखनिक समोर बसवला आणि त्याला आपल्या ओठांकडे पाहण्यास सांगितले. ओठ उघडले की अक्षराच्या वर ठिपका द्यायचा, ओठ जुळून गोल झाले की अक्षराच्या पुढे, आणि ओठ खाली ओढले गेले की अक्षराखाली. ‘अ’च्या चिन्हाचे फत्हा (उघडणे), ‘उ’च्या चिन्हाचे दम्मा (जुळवणे) आणि ‘इ’च्या चिन्हाचे कस्रा (मोडणे) ही आजची नावे या हालचालींचीच आहेत. हे ठिपके मजकुराहून वेगळ्या, बहुधा तांबड्या शाईने दिले जात, आणि तसे ठिपके असलेली कुराणाची जुनी चर्मपत्रे आजही पाहावयास मिळतात.

पुढे इराकचा सुभेदार हज्जाज याच्या काळात, म्हणजे सातव्या शतकाच्या अखेरीस, बा, ता, सा अशी एकाच आकाराची अक्षरे वेगळी ओळखू यावीत म्हणून त्यांनाही ठिपके देण्याची पद्धत रूढ झाल्याचे परंपरा सांगते. आता एकाच शब्दावर दोन प्रकारचे ठिपके आले आणि त्यांतील भेद केवळ शाईच्या रंगावर टिकून राहिला. ही अडचण आठव्या शतकात बसऱ्याच्याच खलील इब्न अहमद याने सोडवली. त्याने स्वरांचे ठिपके काढून त्यांच्या जागी त्या त्या दीर्घ स्वराच्या अक्षराचे लहान रूप बसवले: फत्हासाठी वर आडवा केलेला लहानसा अलिफ, दम्मासाठी वर लहान वाव आणि कस्रासाठी खाली ‘या’चा अंश. व्यंजनाचे द्वित्व दाखवणारा शद्दा हा शीन या अक्षराच्या माथ्यावरून घेतला गेला, आणि व्यंजन स्वरहीन आहे हे सांगणारे सुकून हे चिन्ह पुढे लहान वर्तुळाच्या रूपात स्थिरावले. एका शाईत सर्व काही लिहिता येणे ही खलीलची खरी देणगी आहे, कारण तिच्यावाचून पुढील काळातील एकरंगी छपाईत हरकती आल्याच नसत्या.

छपाईत आल्या तरी त्या सुखाने आल्या नाहीत. खिळ्यांच्या जुळणीत प्रत्येक ओळीच्या वर आणि खाली सूक्ष्म चिन्हे बसवणे हे वेळखाऊ काम होते, म्हणून रोजच्या छपाईने ती टाळली. कुराण, काव्य आणि पाठ्यपुस्तके यांत ती टिकली. मुलांच्या गोष्टींना पूर्ण हरकतींसह छापण्याचा आग्रह धरणाऱ्यांत इजिप्तचे कामिल किलानी (1897–1959) यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. 1927 मध्ये आलेल्या त्यांच्या सिंदबादच्या गोष्टीपासून आधुनिक अरबी बालसाहित्याची सुरुवात मानली जाते.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे चित्रपुस्तकात सहज येईल अशा ‘मुलीने चंद्र पाहिला’ या तीन शब्दांच्या वाक्यावरून पाहता येते. अरबीत त्याचा उच्चार ‘रअति-ल्-बिन्तु-ल्-कमर’ असा होतो. ‘पाहिले’ या अर्थाचे स्त्रीलिंगी क्रियापद शब्दकोशाप्रमाणे ‘रअत्’ असे आहे, म्हणजे त्याच्या शेवटच्या ‘ता’वर सुकून हवा; परंतु पुढचा शब्द ‘अल्’ या निश्चयवाचक उपपदाने सुरू होतो, वाक्याच्या मध्ये त्यातील ‘अ’ लोपतो, आणि स्वरहीन ‘ता’ व स्वरहीन ‘लाम’ एकमेकांस भिडतात. अरबी उच्चार हे सहन करत नाही, म्हणून ‘ता’खाली कस्रा द्यावा लागतो. मुलगी कर्ता असल्यामुळे ‘बिन्त’च्या अंती दम्मा येतो, आणि चंद्र कर्म असल्यामुळे ‘कमर’च्या ‘रा’वर फत्हा येतो, जरी तेथे थांबणारा वाचक तो उच्चारत नाही. दोन्ही ‘अल्’मधील अलिफवर मात्र कोणतीही हरकत नसते, आणि दोन्ही लामवर सुकून येतो.

आता चंद्राच्या जागी सूर्य, म्हणजे ‘शम्स’, ठेवला की चित्र बदलते. शीन हे अक्षर ज्या चौदा ‘सूर्याक्षरांत’ मोडते त्यांच्यापुढे ‘अल्’मधील लाम लिहिला जातो, पण बोलला जात नाही, म्हणून लाम उघडा राहतो आणि शीनवर शद्दा व फत्हा दोन्ही चढतात. शब्दकोश उघडून एकेक शब्द सुटा सजवणाऱ्याच्या हातून ‘ता’ आणि ‘लाम’ या दोन्ही ठिकाणी चूक होणार हे उघड आहे. हरकत शब्दाची नसते, वाक्याची असते, आणि अबुल अस्वदचे ठिपके ज्या अंत्य स्वरांसाठी जन्माला आले तेथेच आजही सर्वाधिक चुका होतात.

दुसरी नेहमीची चूक दीर्घ स्वरांची आहे. ‘अंजीर’ या अर्थाच्या ‘तीन’ या शब्दात ‘ता’खाली कस्रा येतो आणि ‘या’ उघडा राहतो, तर ‘घर’ या अर्थाच्या ‘बय्त’मध्ये ‘बा’वर फत्हा आणि ‘या’वर सुकून येतो. सरसकट प्रत्येक उघड्या ‘या’वर सुकून ठेवणारा मजकूर मुलाला हा भेद दिसूच देत नाही.

तिसरी अडचण अक्षरजुळणीतून येते. ‘मुअल्लिम’ म्हणजे शिक्षक, या शब्दात द्वित्व झालेल्या लामला ‘इ’ हवी आहे. अनेक मुद्राक्षरांत अशा वेळी कस्रा अक्षराखाली न येता वरच, शद्दाच्या खाली बसतो, आणि नव्या वाचकाला तो फत्हा वाटतो. लहान मुलांसाठी कस्रा अक्षराखालीच उतरवणारा टंक निवडणे अधिक योग्य आहे. ओळींमधील अंतरही हरकतींशिवायच्या मजकुरापेक्षा वाढवावे लागते, नाहीतर वरच्या ओळीचा कस्रा खालच्या ओळीच्या शद्द्यावर आदळतो.

तपासणाऱ्याला भाषा येते हीच त्याची मोठी अडचण असते, कारण त्याचा डोळा चुकीच्या चिन्हाऐवजी अपेक्षित स्वर वाचतो. म्हणून एका वाचनात केवळ शब्दांचे अंत, दुसऱ्यात केवळ शद्दा आणि लाम, तिसऱ्यात दीर्घ स्वर असे वेगवेगळे पाहावे, आणि शेवटचे वाचन छापील आकाराच्या कागदी मुद्रितावर, अक्षरावर बोट ठेवून, मोठ्याने करावे. तेवढा वेळ नसलेल्या प्रकाशकाने चुकीच्या हरकतींचे पुस्तक काढण्यापेक्षा प्रकाशन लांबवावे, कारण हरकतीविना छापलेला शब्द मूल मोठ्यांना विचारते, पण चुकीच्या हरकतीचा शब्द ते तसाच पाठ करते.