सोळा पिक्सेलांतला जी

फेव्हिकॉनचा जन्म झाला तेव्हा त्याला एकट्याने ओळख पटवायची नव्हती. १९९९च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर ५ बाजारात आणला. त्यात एखादे पान ‘फेव्हरिट्स’मध्ये साठवले की ब्राउझर त्या साइटच्या मुळाशी जाऊन `favicon.ico` नावाची फाइल शोधायचा आणि सापडली तर ते चित्र यादीत नावाच्या डावीकडे लावायचा. फेव्हिकॉन हे नाव त्या यादीवरूनच पडले. अनेक वेबमास्टरांना ही सोय कळली ती सर्व्हरच्या लॉगमधून: आपण न बनवलेली फाइल लोक मागताहेत आणि ती ‘सापडली नाही’, अशी ओळ त्यांना रोज दिसू लागली. ती ओळ मोजून किती जणांनी आपले पान साठवले याचा अंदाजही काही जण काढत.

यादीत चित्राशेजारी साइटचे पूर्ण नाव असायचे. वाचायचे ते नाव, चित्र नुसते खुणेपुरते. त्यामुळे ते थोडे धूसर असले तरी कोणाचे काही अडत नव्हते.

मापही वेबसाठी ठरवलेले नव्हते. खिडकीच्या शीर्षकपट्टीत आणि टास्कबारवर बसतील असे १६ बाय १६ पिक्सेलचे छोटे आयकॉन विंडोज ९५ने रूढ केले होते. `.ico` हा फाइलप्रकारही विंडोजचाच. त्याचा एक गुण फार उपयोगी: एकाच फाइलमध्ये १६, ३२, ४८ अशा वेगवेगळ्या मापांची वेगवेगळी चित्रे ठेवता येतात. म्हणजे १६चे चित्र ४८च्या चित्रावरून आपोआप लहान केलेले असावे लागत नाही, ते वेगळे काढता येते. ही सोय पहिल्या दिवसापासून होती आणि आजही बहुतेक जण ती वापरत नाहीत. मोठा लोगो घ्यायचा, एखाद्या जनरेटरमध्ये टाकायचा, मिळेल ते उचलायचे, असाच कारभार असतो.

पुढे टॅब आले. ऑपेरा आणि मोझिला यांच्यामागोमाग २००४च्या फायरफॉक्सने आणि २००६च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ७ने ते घरोघर पोचवले, आणि फेव्हिकॉन यादीतून उठून टॅबवर जाऊन बसला. २००८मध्ये आलेल्या क्रोममध्ये टॅब वाढत गेले की प्रत्येक टॅब आक्रसत जातो. आधी शीर्षकाची शेपूट जाते, मग शीर्षकच जाते, मागच्या टॅबांवरची बंद करायची फुली जाते आणि शेवटी उरतो तो फेव्हिकॉन. आणखी टॅब उघडले तर तोही जातो, पण ती वेळ येण्याआधी बराच काळ माणूस निव्वळ चित्रांच्या रांगेत आपले पान शोधत असतो. फायरफॉक्स टॅबला ठरावीक रुंदीच्या खाली जाऊ देत नाही, तिथे पट्टी सरकवावी लागते. सफारीने तर २०१८पर्यंत टॅबवर फेव्हिकॉन दाखवलाच नव्हता. थोडक्यात, ज्या चित्राने नावाला सोबत करायची, त्याच्या शेजारून नावच उठून गेले. सोळा पिक्सेलांत आपण ओळखू येतो का, हा प्रश्न खरा तेव्हा उभा राहिला.

लोगो लहान करताना नेमके काय बिघडते ते एका हिशेबावरून कळते. समजा मूळ लोगो ५१२ बाय ५१२चा आहे. तो १६वर आणायचा म्हणजे मुळातल्या ३२ बाय ३२ ठिपक्यांचा मिळून एक पिक्सेल होणार. लोगोत २४ ठिपके जाडीची काळी उभी रेघ असेल तर ती एका पिक्सेलचा पाऊण भागच भरते, म्हणून काळ्याऐवजी गडद राखाडी दिसते. हे अजून चालून जाते. पण रेघ बरोबर ३२ ठिपके जाड असूनही डावीकडून ४८व्या ठिपक्यापाशी सुरू होत असेल, तर ती दीड पिक्सेलपासून अडीच पिक्सेलपर्यंत पसरते. म्हणजे दोन पिक्सेल अर्धे अर्धे भरतात आणि एका काळ्या रेघेच्या जागी दोन फिकट राखाडी रेघा उभ्या राहतात. जाडी बरोबर, जागा चुकली. अशी चित्रे झूम करून पाहिली तर मऊ, छान दिसतात आणि टॅबवर पुसट होतात. उपाय जुनाच आहे: १६चे चित्र ग्रिडवर वेगळे काढायचे आणि प्रत्येक रेघ पूर्ण पिक्सेलवर बसवायची. सुझन केर यांनी १९८०च्या दशकात मॅकिंटॉशचे ३२ बाय ३२चे आयकॉन चौकटींच्या कागदावर घरे रंगवून असेच काढले होते.

गूगलच्या फेव्हिकॉनची वंशावळ या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला, २००८पर्यंत, त्यांचा फेव्हिकॉन होता रंगीत कडांच्या चौकटीतला निळा कॅपिटल G. मे २००८च्या अखेरीस तो जाऊन लहान g आला, तोही गूगलच्या तेव्हाच्या लोगोतला, कॅटल नावाच्या टाइपफेसमधला. मोबाइलसह सगळीकडे चालेल असा चिन्हांचा संच त्यांना हवा होता. लोकांना तो g फारसा रुचला नाही. गूगलने वापरणाऱ्यांकडूनच कल्पना मागवल्या आणि जानेवारी २००९मध्ये ब्राझीलच्या कॅम्पिनास विद्यापीठातला विद्यार्थी आंद्रे रेझेंदे याच्या आराखड्यावर बेतलेला नवा फेव्हिकॉन लावला: लाल, हिरव्या, निळ्या, पिवळ्या तुकड्यांच्या पार्श्वभूमीवर पांढरा g. ऑगस्ट २०१२मध्ये ते रंगही गेले आणि निळ्या चौकोनावर पांढरा g उरला. सप्टेंबर २०१५मध्ये लोगो बदलला, तेव्हा कॅपिटल G परत आला, या वेळी चार रंगांचा आणि चौकटीशिवाय.

सात वर्षे ज्या लहान g साठी इतकी खटपट झाली त्याची अडचण त्याच्या अंगातच होती. कॅटलमधला g दोन मजली: वर एक गोल, खाली फास. वरून खाली येताना चार आडव्या रेघा लागतात, त्यांच्यामध्ये तीन मोकळ्या जागा, म्हणजे एकूण सात पट्टे. चौकटीत वर-खाली दोन-दोन पिक्सेल सोडले तर हाती बाराच ओळी राहतात. बाराला सातने भागले की पट्ट्याला पावणेदोन पिक्सेलही येत नाहीत. काही रेघा दोनच्या होतात, काही एकच्या, पोटातली पोकळी बुजायला लागते आणि g चा 8 होतो. त्यात २००९च्या चित्रात पार्श्वभूमी चार रंगांची. पांढरी रेघ निळ्यावर उठून दिसते, पिवळ्यावर नाही. २०१२मध्ये एकच निळा ठेवला तेव्हा निदान हा दुसरा त्रास मिटला.

कॅपिटल G मध्ये आडव्या रेघा तीनच: वरची कमान, मधला दांडा, खालची कमान. चौकट नसल्यामुळे सोळाच्या सोळा ओळी वापरायला मिळतात. तीन-तीन पिक्सेलच्या रेघा घेतल्या तरी दोन पोकळ्यांसाठी सात ओळी उरतात. शिवाय G उजवीकडे उघडा आहे, त्यामुळे पोट बुजायची भीती नाही. माझ्या मते २०१५च्या फेव्हिकॉनचे यश चार रंगांत कमी आणि या मोकळेपणात जास्त आहे. रंग काढून करडा करून पाहा, G तरीही वाचता येतो. २००९चे चित्र त्या कसोटीला उतरत नाही.

देवनागरीत हा हिशेब आणखी ताणला जातो. शिरोरेषेला दोन ओळी द्याव्या लागतात. वर मात्रा किंवा वेलांटी असेल तर आणखी चार जातात आणि अक्षराच्या धडाला दहाच ओळी राहतात. म्हणून ‘लो’ किंवा ‘की’पेक्षा नुसता ‘ल’ किंवा ‘क’ बरा. पण सुटे अक्षरही सावधपणे निवडावे लागते. भटकंतीवरच्या एखाद्या साइटने ‘भ’ घेतला असे धरा. ‘भ’ आणि ‘म’ यांतला मोठा फरक म्हणजे ‘भ’ची तुटलेली शिरोरेषा. सोळाच्या चित्रात ती फट जेमतेम एका पिक्सेलची. मोठे चित्र आपोआप लहान केले की त्या पिक्सेलमध्ये दोन्ही बाजूंची शाई उतरते, फट राखाडी होते आणि भटकंतीची मटकंती होते. ‘ध’ आणि ‘घ’ यांची तीच गत. इथे फट मुद्दाम दोन पिक्सेलची करावी लागते, मग मोठ्या आकारात ती कितीही बेढब वाटो. ‘म’ घेणाऱ्याला मात्र शिरोरेषा चौकोनाच्या वरच्या कडेला चिकटवून दोन-तीन ओळी वाचवता येतात.

सोळा हा आकडाही आता पडद्यागणिक बदलतो. विंडोजवर स्केलिंग १२५ टक्के असेल तर टॅबवरची जागा २० पिक्सेलची होते, १५० टक्क्यांना २४ची, रेटिना पडद्यावर ३२ची. फाइलमध्ये फक्त १६चे चित्र असेल तर ते २०वर ताणताना ग्रिडवर नेमके बसवलेल्या रेघा पुन्हा विस्कटतात. म्हणून ३२चे चित्र सोबत हवेच. एसव्हीजी फेव्हिकॉन फायरफॉक्स २०१५पासून आणि क्रोम २०२०पासून घेतो. तो कुठल्याही मापाला रेखीव राहतो, पण पिक्सेलवर रेघ बसवण्याचे काम तोही करून देत नाही. पारदर्शक पार्श्वभूमीवरचा काळा आयकॉन गडद थीमच्या टॅबवर नाहीसा होतो, हा आणखी एक नेहमीचा घोळ.

हे सगळे जमले तरी शेजारी कोण बसले आहे हे आपल्या हातात नसते. गूगलने ऑक्टोबर २०२०मध्ये जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, मीट या सगळ्यांना त्याच चार रंगांत रंगवले. एकेक चित्र पाहिले तर स्वच्छ, नेटके. पण जुन्या जीमेलचे लाल-पांढरे पाकीट रांगेत कुठेही असले तरी नजर थेट तिथे जायची. नवे चार एकाशेजारी एक उघडले की आकार वाचल्याशिवाय कोणते कोणते ते उमजेना, आणि आकार वाचायला सोळा पिक्सेल फार थोडे. लोकांनी तक्रारी केल्या त्या याच. दुरून टॅब शोधताना डोळा आधी रंगाचा डाग पकडतो, मग बाह्यरेषा, आतला तपशील सर्वांत शेवटी.

म्हणून फेव्हिकॉन तपासायचा तो डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठा करून नव्हे. ब्राउझरमध्ये लावायचा, वीस-पंचवीस टॅब उघडायचे, त्यांत चार-पाच त्याच रंगाच्या साइटचे, आणि ज्याने ते चित्र काढलेले नाही अशा माणसाला आपला टॅब दाखवायला सांगायचे. हेच मग गडद थीममध्ये आणि १२५ टक्क्यांवर. त्याचे बोट आधी दुसऱ्या टॅबवर गेले तर तो टॅब नीट पाहावा. बहुतेकदा रंग तरी सारखा निघतो, नाहीतर बाह्यरेषा.

इंग्रजी विकिपीडियाचा W या परीक्षेत सहज पास होतो: पांढऱ्यावर काळा, एकमेकींत गुंतलेल्या दोन V चा, दुसऱ्या कुणासारखा नाही. अडचण एवढीच की मराठी विकिपीडियाचाही फेव्हिकॉन तोच आहे. एकच लेख दोन्ही भाषांत उघडून ताडून पाहणाऱ्याला, टॅब आक्रसले की, कोणता W कोणत्या भाषेतला हे माउस वर नेऊन शीर्षक उमटेपर्यंत कळत नाही.