राखण्याच्या चार अवस्था

आंब्याच्या वाडीत रात्री एक मुलगी शिरते, पडलेले आंबे वेचते आणि राखण्याला चुकवून गडग्यापलीकडे उडी मारते. मोबाइलसाठी मी केलेला छोटासा खेळ एवढाच. राखण्याचा नियमही साधा होता: मुलगी पाच पावलांच्या आत आली तर शिट्टी मारून पाठलाग कर, पाचच्या बाहेर गेली तर पुन्हा गस्त घाल. पहिल्या दिवशी हे छान चाललं. दुसऱ्या दिवशी मुलगी नेमकी पाच पावलांवर उभी राहिली आणि फोनमधून शिट्टीऐवजी रातकिड्यासारखी किरकिर सुरू झाली. राखण्या जागच्या जागी थरथरत होता. एका फ्रेमला पाठलाग, पुढच्या फ्रेमला गस्त, पुन्हा पाठलाग, आणि दर वेळी शिट्टी नव्याने सुरू.

खेळ बनवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला ही थरथर कधी ना कधी भेटते. तिचं उत्तर शोधताना मी शत्रूला अवस्था देण्याच्या पद्धतीच्या पूर्वजांपर्यंत गेलो. तिथे मला हवं ते सापडलं आणि त्याहून बरंच जास्तही.

खेळातल्या शत्रूला ‘अवस्था’ असतात, ही गोष्ट लाखो लोकांनी पहिल्यांदा अनुभवली ती 1980 साली, जपानच्या नाम्को कंपनीच्या पॅक-मॅनमध्ये. तोरू इवातानी हा त्याचा रचनाकार. चार भुतं सतत अंगावर येत राहिली तर खेळणारा दमून जाईल, म्हणून हल्ला लाटेसारखा यावा आणि ओसरावा, असा त्याचा विचार होता. त्यासाठी भुतांना मुख्य तीन अवस्था दिल्या: पांगणं, पाठलाग आणि घाबरणं. पांगण्याच्या अवस्थेत प्रत्येक भूत चक्रव्यूहातल्या आपापल्या कोपऱ्याकडे जातं. पाठलागात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. लाल भूत थेट तुमच्या घरावर नेम धरतं, गुलाबी भूत तुमच्या पुढची चार घरं गाठू बघतं. मोठी गोळी खाल्ली की सगळी निळी पडतात, मंदावतात आणि चौकाचौकात वाट फुटेल तिकडे वळतात.

पहिल्या पातळीवर या लाटांचं वेळापत्रक ठरलेलं आहे. सात सेकंद पांगणं, वीस सेकंद पाठलाग, हे दोनदा. मग पाच सेकंद पांगणं, वीस सेकंद पाठलाग, पुन्हा पाच सेकंद पांगणं, आणि तिथून पुढे पाठलागच. भुतं निळी असताना हे घड्याळ थांबतं. निळेपण सरलं की जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू होतं.

यातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पांगण्यातून पाठलागात किंवा पाठलागातून पांगण्यात जाताना भुतं त्याच क्षणी उलटी फिरतात. एरवी भूत आल्या पावली मागे वळत नाही, तशी त्याला मनाईच आहे. त्यामुळे चारही भुतं एकदम पाठ फिरवताना दिसली की जाणकाराला कळतं, अवस्था बदलली. पडद्यावर एक अक्षर न लिहिता खेळाने आपलं आतलं घड्याळ दाखवलेलं असतं.

इथे दोन वेगळी कामं दिसतात. कोपऱ्याकडे जात राहणं हे अवस्थेत *असताना* करायचं काम. उलटं फिरणं हे एका अवस्थेतून दुसरीत *जाताना*, उंबरठ्यावर, एकदाच करायचं काम. हा फरक पॅक-मॅनच्याही पंचवीस वर्षं आधी कागदावर मांडला गेला होता. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉर्ज मीली आणि एडवर्ड मूर यांनी स्विचांच्या मंडलांसारख्या यंत्रांचं गणित लिहिलं, मीलीने 1955 मध्ये आणि मूरने 1956 मध्ये. मूरच्या यंत्रात बाहेर काय दिसेल हे फक्त सध्याच्या अवस्थेवर ठरतं. मीलीच्या यंत्रात ते सध्याची अवस्था आणि त्या क्षणी आत येणारा संकेत, अशा दोन्हींवर ठरतं. आजही या जातीच्या यंत्रांना त्या दोघांच्या नावाने ओळखतात. माझा राखण्या थरथरत होता, कारण मी ही दोन कामं एकाच भांड्यात घातली होती. त्याहून वाईट म्हणजे उंबरठा इतका अरुंद ठेवला होता की त्यावर कुणालाही उभं राहता यावं.

दुसरा पूर्वज आहे डूम. आयडी सॉफ्टवेअरने तो डिसेंबर 1993 मध्ये आणला आणि 1997 अखेर त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला. नवशिक्याने त्यातली `info.c` ही एक फाइल उघडून बघावी, असं मी आवर्जून सांगेन. शत्रूंचं सगळं वागणं तिथे एका लांबलचक तक्त्यात आहे. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत कोणतं चित्र दाखवायचं, किती ‘टिक’ दाखवायचं, त्या वेळी कोणतं काम करायचं आणि नंतर कोणत्या ओळीवर जायचं, एवढंच लिहिलेलं. एक टिक म्हणजे सेकंदाचा पस्तिसावा भाग.

बंदूकवाला साधा झाँबी घ्या. तो उभा असतो तेव्हा दहा-दहा टिकांच्या दोन ओळींमध्ये फिरत राहतो आणि दर ओळीला `A_Look` हे काम करतो, म्हणजे कुणी दिसतंय का, आवाज येतोय का ते बघतो. गोळी झाडायची वेळ आली की तीन ओळी लागतात. पहिले दहा टिक फक्त तोंड तुमच्याकडे वळवणं, मग गोळी आणि आठ टिक, मग नुसते आठ टिक. एकूण सव्वीस टिक, म्हणजे पाऊण सेकंदाच्या आतबाहेर. गोळीआधीचे ते दहा टिक, जेमतेम पाव सेकंदापेक्षा थोडे जास्त, हाच खेळणाऱ्याला मिळणारा इशारा. बंदूक वर आली, आता आडोशाला व्हा. ते दहा टिक काढून टाकले तर हाच झाँबी अन्यायी वाटेल.

माझ्या राखण्याला नेमकं हेच नव्हतं. म्हणून दोन्ही पूर्वजांकडून घेऊन मी त्याला चार अवस्था दिल्या: गस्त, संशय, पाठलाग, परत. मुलगी पाच पावलांच्या आत आली की तो लगेच धावत नाही. संशयात जातो, थांबतो, कंदील वर धरतो. 0.6 सेकंदांनंतरही ती आतच असेल तर पाठलाग, नसेल तर पुन्हा गस्त. पाठलाग मात्र पाच पावलांवर सुटत नाही. ती सात पावलांच्या बाहेर जाऊन सलग तीन सेकंद तिथेच राहिली, तरच तो ‘परत’मध्ये जातो. आत यायचा आकडा पाच आणि सुटायचा सात, या दोन पावलांच्या पट्ट्याने थरथर गेली. घरातली इस्त्रीही याच तत्त्वावर चालते: बंद होण्याचं तापमान आणि पुन्हा चालू होण्याचं तापमान यांत अंतर असतं, नाहीतर ती सारखी टकटक करत राहिली असती.

आणि उंबरठ्यासाठी एकच दार ठेवलं. कोडमध्ये कुठूनही अवस्था बदलायची तर याच फंक्शनमधून:

```csharp
void Badal(Avastha navi) {
    if (navi == avastha) return;
    Debug.Log(avastha + " -> " + navi);
    avastha = navi;
    ghadyal = 0f;
    if (navi == Avastha.Pathlag) shitti.Play();
}
```

यातली `ghadyal = 0f` ही ओळ मी आधी विसरलो होतो. पहिल्यांदा राखण्या नीट 0.6 सेकंद संशय घ्यायचा. दुसऱ्यांदा मात्र मुलगी दिसताक्षणी धावायचा, कारण घड्याळात जुने सेकंद शिल्लक होते. दोष सापडला तो `Debug.Log`मुळे. एकाच क्षणाच्या शिक्क्याखाली `Gast -> Sanshay` आणि त्याला खेटून `Sanshay -> Pathlag` अशा दोन ओळी दिसल्या. शत्रू विचित्र वागला की आधी ही यादी बघावी. तीच ती जोडी पुन्हापुन्हा येत असेल तर उंबरठा अरुंद आहे, दोन बदल एकमेकांना चिकटून येत असतील तर घड्याळ शिळं आहे, आणि यादी मध्येच थांबली असेल तर त्या अवस्थेतून बाहेर पडायला वाटच ठेवलेली नाही.

मोबाइलवर आणखी एक खड्डा आहे, जो पूर्वजांना नव्हता. डूमचं जग ठरल्याप्रमाणे सेकंदाला पस्तीस टिक चालायचं, त्यामुळे टिक मोजले काय नि वेळ मोजला काय, सारखंच. फोनचं तसं नाही. एक फोन सेकंदाला 30 फ्रेम दाखवतो, दुसरा 60, तिसरा 120. मी तीन सेकंदांसाठी 90 फ्रेम मोजल्या होत्या. माझ्या जुन्या फोनवर ते बरोबर होतं, पण 120 फ्रेमच्या फोनवर राखण्या पाऊण सेकंदात पाठलाग सोडून द्यायचा. खेळ फारच सोपा झालाय, असं खेळणाऱ्यांनी सांगितलं तेव्हा कुठे लक्षात आलं. आता दर फ्रेमला `ghadyal += Time.deltaTime` होतं आणि पाठलागात मुलगी सात पावलांच्या आत आली की ते शून्यावर येतं. सेकंद सगळीकडे सारखे.

चार अवस्थांपर्यंत ही रीत हातात मावते. चार अवस्थांमध्ये जास्तीत जास्त बारा उंबरठे, आठ केल्या की छप्पन्न. या गुंत्यावर डेव्हिड हरेल यांनी 1987 मध्ये अवस्थेच्या पोटात अवस्था मांडायची रीत सुचवली. एफ.ई.ए.आर. या 2005 च्या खेळात जेफ ऑर्किन यांनी उलटी वाट धरली: अवस्था फक्त तीन ठेवल्या आणि पुढचं पाऊल ठरवायचं काम योजना आखणाऱ्या वेगळ्या कोडकडे सोपवलं. आंब्याच्या वाडीला त्याची गरज नाही. राखण्याला कुत्रा द्यायचा झालाच, तर मी राखण्याला पाचवी अवस्था जोडणार नाही. कुत्र्याला त्याचं स्वतःचं, दोन अवस्थांचं यंत्र देईन.

पॅक-मॅनचं उलटं फिरणं मात्र मी उचललं. ‘परत’चा उंबरठा ओलांडताना राखण्या जागच्या जागी पाठमोरा होतो आणि कंदील खाली करतो, एवढंच. त्याविषयी खेळात कुठेही सूचना नाही. माझी भाची पहिल्यांदा खेळत होती तेव्हा मी काही बोललो नाही. ती झाडामागे थांबून राहिली. कंदील खाली झाला, आणि ती म्हणाली, “मामा, चालला बघ तो.” मग ती बाहेर पडली आणि राहिलेले तीन आंबे घेऊन गडग्याकडे पळाली.