तळटीप : ‘माणसं वाढली, जमीन पुरेना’

* भोईवाड्यातल्या चाळीत राहणारा रत्नागिरीकडचा गिरणीकामगार इथे जे बोलतो, ते माल्थसने १७९८ मध्ये मांडले होते : खाणारी तोंडे धान्यापेक्षा वेगाने वाढतात. १९६५ मध्ये डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी हे उलटे धरले. तोंडे वाढली की जमीन पड ठेवण्याची वर्षे कमी होतात, मेहनत वाढते, शेतीची रीतच बदलते. भारतापुरते त्यांचे म्हणणे बरेचसे खरे ठरले. १९६१ ते २०११ दरम्यान लोकसंख्या ४४ कोटींवरून १२१ कोटींवर गेली; धान्य मात्र सुमारे ८ कोटी टनांवरून २४ कोटी टनांवर गेले.

कोकणात मात्र दोघेही अपुरे पडतात. वरकस उतारावर झाडोरा जाळून पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, आणि नंतर काही वर्षे पड, अशी रीत होती. पड आखडली की पावसात माती धुपून जाते आणि खाली कातळ लागतो; तिथे जादा मेहनत फळत नाही. शिवाय गिरणीची वाट उघडी होती. भोईवाड्यातून गेलेल्या मनीऑर्डरीने गावचे दाणे विकत घेतले, म्हणून शेती बदलण्याची निकड ओसरली. त्या उतारांवर आंबा-काजूच्या बागा पसरल्या त्या १९९० नंतर, रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेच्या अनुदानावर. तोवर गावात कसणारे हातच कमी झाले होते. — संपादक