टेलिफोनच्या तारेवरून आलेली फूटपट्टी

एआयने लिहिलेला मजकूर ओळखतो असं सांगणारे डिटेक्टर ज्या आकड्यावर उभे आहेत, तो आकडा लेखक ओळखण्यासाठी जन्मालाच आला नव्हता. १९७७ साली आयबीएममधल्या फ्रेडरिक येलिनेक, रॉबर्ट मर्सर, ललित बहल आणि जेम्स बेकर या चौघांनी अकूस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिकेपुढे 'पर्प्लेक्सिटी' नावाचं माप मांडलं. ते यंत्राला माणसाचं बोलणं ऐकून टिपायला शिकवत होते आणि त्यांना एक साधा प्रश्न पडला होता: दोन कामांपैकी कुठलं जास्त अवघड, हे ठरवायचं कसं? नुसती शब्दसंख्या मोजून भागत नव्हतं. हजार शब्दांचा संग्रह असला तरी प्रत्येक टप्प्यावर पुढे येऊ शकणारे शब्द चारच असतील, तर काम सोपं. उलट कुणी मनाला येतील तसे आकडे बोलत असेल, तर शून्य ते नऊ असे दहा पर्याय दर वेळी सारखेच संभवतात. तिथे पर्प्लेक्सिटी दहा. थोडक्यात, यंत्रापुढे दर पावलाला सरासरी किती समान शक्यतेचे पर्याय उभे असतात, ते हे माप सांगतं. शब्द कोण बोलतंय याच्याशी त्याचा काहीच संबंध नव्हता.

हिशोब जवळून पाहू. समजा, एखादं मॉडेल 'आई सकाळी चहा करते' हे वाक्य एकेक शब्दाने वाचतंय. सुरुवातीला 'आई' येण्याची शक्यता त्याने १/१६ धरली, मग 'सकाळी' १/४, 'चहा' १/२ आणि 'करते' १/२. (हे आकडे मी हिशोबाच्या सोयीसाठी घेतले आहेत.) चारही शक्यतांचा गुणाकार १/२५६. शब्द चार, म्हणून २५६चं चौथं मूळ काढायचं: चार. ही झाली वाक्याची पर्प्लेक्सिटी. आता एकच शब्द बदलू: 'आई सकाळी रियाज करते'. 'रियाज'ची शक्यता मॉडेलने १/५१२ धरली, बाकीचं सगळं तसंच राहिलं. गुणाकार १/६५५३६, चौथं मूळ सोळा. एका शब्दाने आकडा चौपट झाला. हाच बदल शंभर शब्दांच्या उताऱ्यात केला, तर आकडा सहा टक्केही वाढत नाही, कारण तोच धक्का शंभर शब्दांत वाटला जातो. छोट्या मजकुरावर डिटेक्टरचा निकाल का भरवशाचा नसतो, याचं अर्धं उत्तर या दोन वाक्यांत आहे. चार ओळींच्या उत्तरात आईने चहा केला की रियाज केला, एवढ्यावर निकाल फिरू शकतो.

आयबीएमच्या या मापाचे आजोबा कोण, याबद्दल दोन पक्ष आहेत. एक पक्ष रशियाच्या आंद्रेई मार्कोव्हकडे बोट दाखवतो. त्याने १९१३ साली पुश्किनच्या 'येव्गेनी अनेगिन'मधली पहिली वीस हजार अक्षरं घेऊन स्वरामागून व्यंजन किती वेळा येतं, ते मोजलं. मान्य, साखळीची कल्पना त्याचीच. पण मार्कोव्हने मोजणी केली, अंदाज करायला कुणाला बसवलं नाही. ते केलं बेल लॅब्जच्या क्लॉड शॅननने, आणि म्हणून माझ्या मते खरा मूळपुरुष तोच. १९५१ साली बेलच्या तांत्रिक नियतकालिकात छापलेल्या निबंधात त्याने एक प्रयोग दिला आहे: समोरच्या माणसाला अनोळखी इंग्रजी उतारा एकेक अक्षराने ओळखायला लावायचा. अंदाज बरोबर आला की पुढचं अक्षर, चुकला की खरं अक्षर सांगून पुढे. एका उताऱ्यातल्या १२९ अक्षरांपैकी ८९ बरोबर आली. चुका मुख्यतः शब्दाच्या सुरुवातीला होत होत्या, कारण विचाराला फाटे तिथेच फुटतात. भाषेत किती भाग आधीच ठरलेला असतो, म्हणजेच मजकूर किती दाबून पाठवता येईल, हे शॅननला हवं होतं.

या प्रयोगात अंदाज करणारा माणूस होता. येलिनेकच्या चमूने त्याच्या जागी यंत्र बसवलं. पुढची चार दशकं कमी पर्प्लेक्सिटी ही मॉडेल बनवणाऱ्याची कमाई मानली जायची: यंत्राला भाषा जितकी कळली, तितकं ते कमी गोंधळतं. मग २०१९ साली हार्वर्ड आणि आयबीएमच्या संशोधकांनी जीएलटीआर नावाचं साधन काढलं. जीपीटी-२ मॉडेलच्या पहिल्या दहा अंदाजांत बसणारा शब्द ते हिरवा रंगवायचं, पहिल्या शंभरातला पिवळा, पहिल्या हजारातला लाल आणि त्यापलीकडचा जांभळा. यंत्राने लिहिलेला मजकूर बहुतेक हिरवा निघायचा. इथे माप उलटं फिरलं. आधी मजकूर ठरलेला असायचा आणि परीक्षा मॉडेलची व्हायची, आता मॉडेल ठरलेलं आणि परीक्षा मजकुराची. आकडा मात्र तोच, आणि तो अजूनही मॉडेल नि मजकूर या जोडीचाच आहे. मॉडेल बदललं की त्याच निबंधाचा आकडा बदलतो.

जानेवारी २०२३मध्ये प्रिन्स्टनचा विद्यार्थी एडवर्ड टियान याने जीपीटीझीरो खुलं केलं, तेव्हा पर्प्लेक्सिटीच्या जोडीला दुसरं माप आलं: 'बर्स्टिनेस'. माणूस एक वाक्य लांबलचक लिहितो, दुसरं तोडून टाकतो, मध्येच अनपेक्षित वळण घेतो. यंत्राची वाक्यं एका चालीत जातात. म्हणून वाक्यावाक्यातला चढउतार मोजायचा.

या दुसऱ्या मापाचं कूळ कुठलं, यावर मला विस्ताराने बोलायचं आहे. सहज सुचणारं उत्तर म्हणजे उडनी यूल. या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९३९ साली 'बायोमेट्रिका'त वाक्यांच्या लांबीवर निबंध लिहिला. 'ख्रिस्तानुकरण' या लॅटिन ग्रंथाचा कर्ता थॉमस अ केम्पिस की जाँ जेर्सों, हा जुना वाद होता. यूलने दोघांची वाक्यं मोजून ग्रंथाशी ताडली आणि पारडं केम्पिसकडे झुकलं. वाक्याच्या लांबीतला चढउतार ही लेखकाची खूण मानायची, हे तर डिटेक्टरच करतात. मग यूलच पूर्वज, असं कुणी म्हणालं तर चूक काय?

चूक अशी की यूलकडे दोन नावं होती आणि दोघांचंही निर्विवाद लेखन शेजारी होतं. 'हा माणूस की तो माणूस' एवढंच त्याला ठरवायचं होतं. डिटेक्टरपुढे फक्त एक निबंध असतो. लिहिणाऱ्याचं आधीचं काहीच त्याने पाहिलेलं नसतं, आणि 'कुठलाही माणूस की कुठलंही यंत्र' असा अवाढव्य प्रश्न त्याला सोडवायचा असतो. शिवाय 'बर्स्टिनेस' हे नाव यूलच्या घरचं नाही.

माझं म्हणणं असं की तेही टेलिफोनच्याच घरचं आहे. तारेवरचा खरखराट समान अंतराने येत नाही. बराच वेळ शांतता, मग एकदम झोत. बेल लॅब्जच्या एडगर गिल्बर्टने १९६० साली याच झोतांचं गणित मांडलं. त्याच बेल लॅब्जमध्ये १९९५ साली केनेथ चर्च आणि विल्यम गेल यांनी शब्दांचं असंच वागणं दाखवलं: एखादा आशयाचा शब्द लेखात एकदा आला की तो पुन्हा येण्याची शक्यता फार वाढते. चर्चने पुढे पनामाच्या नोरिएगाचं उदाहरण घेतलं. वृत्तपत्रातल्या कुठल्याही बातमीत 'नोरिएगा' येण्याची शक्यता नगण्य, पण एकदा आला की दुसऱ्यांदा येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. शब्द झोताने येतात, हा या नावाचा भाषाशास्त्रातला अर्थ. जीपीटीझीरोने नाव तेच ठेवलं, पण मोजला वाक्यांतल्या पर्प्लेक्सिटीचा चढउतार. वस्तू यूलकडची आणि पाटी बेलकडची, अशी ही सरमिसळ झाली असावी, असं मला वाटतं.

या कुळाचा आजच्या निकालांवर परिणाम होतो. अंदाज करणाऱ्याला सोपं जाणारं लिखाण यंत्राचंच असतं असं नाही. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेलचे ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले. सरासरी ६१ टक्क्यांहून जास्त निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकन आठवीतल्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. परक्या भाषेत लिहिणारा माणूस ओळखीचेच शब्द वापरतो, आपल्याकडे बारावीनंतर इंग्रजीत उत्तरं लिहिणारी मुलं वापरतात तसेच. पुढे संशोधकांनी चॅटजीपीटीकडून त्या निबंधांची शब्दकळा श्रीमंत करून घेतली, तेव्हा चुकीचे आरोप १२ टक्क्यांच्या आसपास उतरले. यंत्राचा हात लागला आणि निबंध माणसाचा ठरला! अमेरिकेच्या राज्यघटनेवरही काही डिटेक्टरांनी यंत्राचा शिक्का मारला. कारण उघड आहे: तो मजकूर मॉडेलने शिकताना असंख्य वेळा वाचलेला, जवळजवळ पाठ असलेला, म्हणून पुढचा प्रत्येक शब्द त्याला माहीतच.

आणि डिटेक्टर दाखवतो तो टक्का? आकडा एका ठरावीक रेषेच्या खाली गेला की 'यंत्र' म्हणायचं. ही रेषा निवडलेल्या नमुन्यांवर ओढलेली असते. ओपनएआयने जानेवारी २०२३मध्ये स्वतःचा डिटेक्टर काढला, तेव्हा प्रामाणिकपणे सांगितलं होतं की तो यंत्राचे २६ टक्के मजकूर पकडतो आणि माणसाच्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारतो. वर्गातले १०० निबंध घ्या, त्यांपैकी २० यंत्राचे धरा. पकडले जातील पाच. उरलेल्या ८० मुलांपैकी सात नाहक अडकतील. शिक्का बसलेल्या बारांत सात निर्दोष. यंत्राचे निबंध २०ऐवजी ६० असते, तर त्याच साधनाने १६ खरे आणि चार खोटे पकडले असते. म्हणजे शिक्क्याचं वजन साधनाबाहेरच्या, वर्गातल्या प्रमाणावर ठरतं, आणि ते प्रमाण साधनाला कळण्याची सोय नाही. तो डिटेक्टर त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतला गेला.

मराठीचा मामला आणखी वेगळा. जीपीटी-२ मजकूर शब्दांत नव्हे, बाइटच्या तुकड्यांत वाचतं. देवनागरीची प्रत्येक खूण यूटीएफ-८मध्ये तीन बाइटची असते आणि त्यातला पहिला नेहमी एकच, तर दुसरा दोनांपैकी एक. 'विद्यार्थी' या शब्दात काना, वेलांट्या आणि हलन्त धरून दहा खुणा आहेत, म्हणजे तीस बाइट. त्यातले दहा मॉडेलला न वाचताच ठाऊक आणि आणखी दहा जवळजवळ ठाऊक. तुकड्यागणिक सरासरी काढली की कुठलाही मराठी मजकूर, मग तो कुणाच्याही हातचा असो, इंग्रजीवर ओढलेल्या रेषेजवळ किंवा तिच्याही खाली सरकतो. त्यामुळे इंग्रजीसाठी बेतलेल्या, असं इंग्रजीप्रधान मॉडेल पोटात असलेल्या डिटेक्टरमध्ये मराठी निबंध टाकला, तर मिळणाऱ्या टक्क्यात मुलाच्या लेखनाचा भाग किती आणि युनिकोडच्या रचनेचा किती, हे त्या टक्क्यावरून वेगळं काढता येत नाही.