मिरी तोट्यात, तरी ताळेबंद जुळलेला

१४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या फ्रान्सिस्कन भिक्षूचा गणितावरील जाडजूड ग्रंथ छापला गेला. त्यातील एका प्रकरणात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची हिशेबपद्धत सांगितली आहे. पाचोली तिचा जनक नव्हे. जेनोवा नगरराज्याच्या १३४० सालच्या खतावण्या याच पद्धतीच्या आहेत आणि त्यांत मिरीचे एक खाते चक्क तोट्यात गेलेले दिसते.

या पद्धतीचे मर्म असे की प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचा : जे खाते घेते त्याच्या नावे, जे देते त्याच्याकडे जमा.

एक कल्पित व्यापारी घेऊ. तो १,००० दुकाटांनिशी धंदा उघडतो. तिजोरीच्या नावे १,०००, भांडवल खाती जमा १,०००. इथे नवशिका हमखास अडखळतो : पैसा आला, तर तो 'नावे' कसा? कारण वहीच्या लेखी तिजोरी हीसुद्धा एक व्यक्तीच. तिने रक्कम घेतली, म्हणून ती देणेकरी झाली. उलट भांडवल हे धंद्याने खुद्द मालकाचे देणे.

पुढे तो ६०० दुकाटांची मिरी घेतो. ४०० रोख देतो, २०० उधार ठेवतो. मिरीच्या नावे ६००. तिजोरीकडे जमा ४००, विक्रेत्याकडे जमा २००. मग भाव पडतो आणि सारी मिरी ५४० ला रोखीने विकावी लागते. तिजोरीच्या नावे ५४०, मिरीकडे जमा ५४०.

गोदाम रिकामे, पण मिरीच्या खात्यात ६० दुकाट नावे उरलेच. हाच तोटा. तो नफा-तोटा खात्यातून भांडवलाच्या नावे पडतो आणि भांडवल ९४० वर येते.

आता ताळेबंद मांडू. एका बाजूस तिजोरीतील १,१४० दुकाट. दुसऱ्या बाजूस विक्रेत्याचे देणे २०० आणि मालकाचे भांडवल ९४०, बेरीज १,१४०. यात चमत्कार काही नाही. प्रत्येक नोंदीने दोन्ही बाजूंना सारखेच वजन टाकले आणि नफा असो वा तोटा, उरलेला फरक मालकाच्याच माथी गेला. तोट्यातला धंदाही म्हणूनच काटेकोर जुळतो.

वर्षअखेरीस जुन्या वहीतील सर्व नावे आणि सर्व जमा रकमांची बेरीज करून पाहावी, असे पाचोली सांगतो. बेरजा जुळल्या नाहीत तर चूक नक्की आहे. फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल तर बहुधा अंक उलटले आहेत : ५४० चे ४५० झाले की फरक ९० चा पडतो.

पण तेच ४५० दोन्ही खात्यांत चढले तर? बेरजा निमूटपणे जुळतात. ती चूक वहीत सापडत नाही. त्यासाठी तिजोरी उघडून नाणी मोजावी लागतात.