कासव, नाव आणि समुद्र

वर्ध्यात ७ ऑक्टोबर १९३० रोजी विनोबांनी 'गीताई' लिहायला घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पुरी केली. १९३६ पासून गांधीजी सेवाग्रामला राहू लागले. तेथील सायंप्रार्थनेत दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाचे शेवटचे १९ श्लोक म्हटले जात. ते पाठ करताना विद्यार्थी कोठे चुकतो, ते आपण पाहू.

मूळ संस्कृतात यांपैकी पाचव्या आणि पंधराव्या श्लोकाचा उत्तरार्ध एकच आहे. नुसत्या नादावर पाठ करणारा पाचव्यावरून थेट सोळाव्यावर घसरतो. मधले दहा श्लोक गळतात आणि त्याला ते कळतही नाही.

येथे चित्रांची साखळी कामी येते. पाचव्यात अवयव आत ओढून घेणारे कासव आहे, चौदाव्यात वाऱ्याने ओढली जाणारी नाव, सोळाव्यात रात्र आणि सतराव्यात नद्या सामावूनही अचल राहणारा समुद्र. इंद्रिये आवरली तर कासव, मोकाट सुटली तर नाव, हा त्यांतला अर्थ. तो उमगला की दुहेरी उत्तरार्धापाशी एकच प्रश्न पुरतो: आत्ता कासव येऊन गेले की नाव? कासवामागून निराहार माणूस येतो, नावेमागून रात्र.

चित्रांनी क्रम टिकतो. नेमक्या शब्दांसाठी मात्र मोठ्याने म्हणण्याचा सराव आपल्याला करावाच लागतो.