दीक्षा द्यायची कोणी?

उमरगे तालुक्यातल्या मुरुमच्या बाजारात मराठीबरोबर कानडीही कानी पडते. येथल्या लिंगायत घरांत मुलाप्रमाणे मुलीच्याही गळ्यात इष्टलिंग असते आणि ती स्वतःच्या तळहातावर ते घेऊन स्वतःच पूजा करते. बसवण्णांचे कल्याण येथून फार दूर नाही. त्या बाराव्या शतकातल्या मंडळींनी जननाचे, मरणाचे, विटाळाचे, उष्ट्याचे आणि जातीचे, अशी पाचही सुतके लिंगधारकाला लागत नाहीत असे ठरवले. एरवी बाईला देवाजवळून दूर ठेवणारे मोठे कारण विटाळच असते. ते कारणच येथे काढून टाकले होते.

मग अक्कमहादेवीच्या मागून शतकानुशतके मठाच्या गादीवर स्त्री का दिसेना? मला वाटते, पूजेचा अधिकार आणि गादीचा अधिकार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गादी गुरूकडून शिष्याकडे जाते, आणि तिच्याबरोबर मठाची जमीन, मान व दीक्षा देण्याची सत्ताही जाते. ही साखळी पुरुषांच्या हाती राहिली.

साखळीचे महत्त्व बौद्धांच्या इतिहासात अधिक स्पष्ट दिसते. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या भिक्षुणींची नावे कोरलेली आहेत, म्हणजे आपल्याकडे भिक्षुणी होत्याच. पण विनयाचा नियम असा, की स्त्रीला उपसंपदा आधी भिक्षुणीसंघाने द्यावी, नंतर भिक्षुसंघाने. भिक्षुणी संपल्या की नवी भिक्षुणी करणार कोण? सिंहलद्वीपात अकराव्या शतकाच्या सुमारास त्यांचा संघ खंडित झाला. सुदैवाने पाचव्या शतकातच तेथल्या काही भिक्षुणी चीनला जाऊन तेथे उपसंपदा देऊन आल्या होत्या. १९९८ साली बोधगयेत त्या चिनी परंपरेच्या भिक्षुणींच्या साहाय्याने सिंहली स्त्रियांना पुन्हा उपसंपदा मिळाली. सासरी गेलेल्या लेकीने आईचा दिवा परत आणून लावावा तसेच हे! तरी थेरवादातले पुष्कळ महाथेर अजून म्हणतात, ती आमची परंपरा नव्हे.

मुसलमानांत हा पेच या रूपाने पडतच नाही, कारण इमामाला दीक्षाच नसते. नमाज चांगली येणारा पुढे उभा राहतो. स्त्रीने स्त्रियांची नमाज पढवणे अनेक पंडितांना मान्य आहे. वाद आहे तो मागे पुरुष उभे असतील तेव्हाचा.

आता पुन्हा आपल्या शेजारी येऊ. लिंगायतांना तुटलेला संघ जोडायचा नव्हता, एका गुरूने मनावर घेतले की पुरे होते. लिंगानंद स्वामींनी ते घेतले. त्यांच्याकडून १९६६ साली जंगमदीक्षा मिळालेल्या माते महादेवी १९७० साली धारवाडला जगद्गुरू म्हणून पीठावर बसल्या. या पदावरच्या पहिल्या स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतात. बसवण्णांच्या वचनांतली मुद्रिका बदलल्यामुळे त्यांच्यावर पुढे रोष ओढवला, कर्नाटक सरकारने त्यांच्या पुस्तकावर बंदीही घातली. पण तो वाद वचनांचा होता. २०१९ साली त्या वारल्या. कूडलसंगमच्या बसव धर्मपीठावर त्यांच्यामागून माते गंगादेवी बसल्या.